माल उशिरा गेला: दिलगिरीचा मेल कसा लिहावा

‘माफी मागितली म्हणजे चूक कबूल केली. उद्या ग्राहकाने तोच मेल वकिलाकडे दिला तर?’

ठरलेल्या तारखेला माल किंवा काम देता आलं नाही की हा प्रश्न हमखास येतो. शेडमध्ये पाच-सात कामगार घेऊन धंदा करणारा कारखानदार तो विचारतो आणि मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतला प्रोजेक्ट मॅनेजरही विचारतो. या भीतीपोटी दोन प्रकारचे मेल लिहिले जातात. एकात ‘काही अपरिहार्य कारणांमुळे विलंब होत आहे, कृपया सहकार्य करावे’ एवढंच असतं. ते वाचून ग्राहकाला काहीच कळत नाही आणि राग मात्र येतो. दुसरा मेल रात्री उशिरा, अपराधी मनाने लिहिलेला असतो: ‘सगळी चूक आमची आहे, तुमचं जे काही नुकसान होईल ते आम्ही भरून देऊ.’ हे वाचून ग्राहकाला बरं वाटतं, पण लिहिणाऱ्याने पैशाचा एक दरवाजा सताड उघडून ठेवलेला असतो.

या दोन्हींच्या मधला मेल लिहिता येतो. त्यासाठी काय लिहिल्याने आपलं काहीच बिघडत नाही आणि काय लिहिल्याने बिघडतं, हे आधी समजायला हवं.

१. तारीख चुकली हे कागद आधीच सांगतात

वाद कोर्टात किंवा लवादापुढे गेला, तर माल उशिरा पोहोचला हे सिद्ध करायला ग्राहकाला तुमच्या माफीची गरज पडत नाही. पीओवर डिलिव्हरीची तारीख छापलेली असते. तुमच्या चलनावर, ई-वे बिलावर आणि त्यांच्या गेटवरच्या नोंदीत माल खरोखर कधी गेला ते असतं. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की उशीर दिसतो.

म्हणून ‘१२ तारखेला माल देण्याचं ठरलं होतं, तो आम्ही देऊ शकत नाही’ हे वाक्य लिहिल्याने तुम्ही नवीन काही गमावत नाही. उलट ते टाळलंत तर ग्राहकाच्या मनात शंका येते, की हे आणखी काय लपवताहेत.

मेल पुरावा म्हणून चालतो का? चालतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे, ठरलेलं प्रमाणपत्र जोडलं की मेल आणि व्हॉट्सअॅपचे संदेशही पुराव्यात घेता येतात. मात्र त्याच कायद्याचं कलम २५ असं सांगतं, की कबुली हा निर्णायक पुरावा नव्हे. ती देणाऱ्याला बांधून ठेवू शकते, पण ती कशी आणि कोणत्या परिस्थितीत दिली गेली हे दाखवायची त्याला मुभा असते. ‘आम्ही मनापासून दिलगीर आहोत’ एवढ्या एका वाक्यावर सहसा कुणी खटला हरत नाही. न्यायाधीश अख्खा मेल वाचतात, पीओ वाचतात, घडलेलं काय ते पाहतात.

उशीर झाला की नाही यावर वाद फारसा होतच नाही. भांडण होतं ते उशीर कशामुळे झाला, त्याने नुकसान किती झालं आणि त्यातलं कुणी किती सोसायचं यावर. मेलमध्ये सांभाळून लिहायचं ते याच तीन गोष्टींबद्दल.

२. जबाबदारी घेणं वेगळं, देणं कबूल करणं वेगळं

समजा, तुमच्या न्हाणीघरातून गळून खालच्या घरात पाणी उतरतंय. तुम्ही खाली जाता आणि सांगता, ‘पाणी आमच्याकडूनच येतंय. मुख्य नळ बंद केलाय, प्लंबर संध्याकाळी येतोय, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल वाईट वाटतं.’ ही जबाबदारी झाली. आता हेच तुम्ही असं सांगता, ‘आमच्या हलगर्जीपणामुळे झालं, तुमचं छत, पंखा, कपाट, जे काही खराब झालं असेल ते मी नवं करून देतो.’ अजून पाइप सोसायटीचा की तुमचा हे ठरलेलं नाही, कपाट आधीच कुजलेलं होतं का हे पाहिलेलं नाही. तरी निकाल देऊन मोकळे झालात आणि रक्कमही कोरी सोडलीत.

व्यवसायातही हीच रेघ असते. काय घडलं, आम्ही आता काय करतो आहोत, कधीपर्यंत करू, तुम्हाला झालेल्या त्रासाची आम्हाला जाणीव आहे, हे सगळं जबाबदारीत येतं आणि ते मोकळेपणाने लिहावं. ‘कराराचा भंग’, ‘निष्काळजीपणा’, ‘नुकसानभरपाई’ हे मात्र कायद्याचे निष्कर्ष आहेत. ते काढायला सगळी माहिती समोर लागते आणि पहिला मेल लिहिताना ती कुणाकडेच नसते. म्हणून ते शब्द त्या मेलमध्ये नकोत. यात कुठली लबाडी नाही. जे अजून ठरलेलंच नाही ते ठरल्यासारखं न लिहिणं, एवढंच त्यात आहे.

३. एक ऑर्डर, तीन महागडी वाक्यं

एक काल्पनिक उदाहरण आकड्यांसकट पाहू.

पत्र्याचे कंट्रोल पॅनल बॉक्स बनवणारा एक छोटा कारखाना आहे. त्याला ४० बॉक्सची ऑर्डर मिळाली आहे. एका बॉक्सचा दर १८,००० रुपये, म्हणजे कर सोडून एकूण ७,२०,००० रुपये. डिलिव्हरी १२ सप्टेंबर. पीओच्या मागच्या पानावर, बहुतेक पीओंवर असते तशी, एलडीची अट आहे: उशीर झाल्यास न दिलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला किंवा आठवड्याच्या भागाला ०.५ टक्के, जास्तीत जास्त ऑर्डरच्या ५ टक्के. एलडी म्हणजे उशिराबद्दल दोघांनी आधीच ठरवून ठेवलेली भरपाई.

१० सप्टेंबरला अंतिम तपासणीत गडबड सापडते. पावडर कोटिंग नीट बसलंय का हे पाहायला रंगावर ब्लेडने चौकटी कापतात, त्यावर चिकटपट्टी दाबतात आणि ओढून काढतात. १६ बॉक्सवरचा रंग पट्टीबरोबर सुटून आला. कोटिंगआधी पत्रा धुऊन फॉस्फेटच्या टाकीत बुडवतात, तिथे काही बिघडलं असावं असा अंदाज आहे. रंग उतरवून ते बॉक्स पुन्हा रंगवावे लागणार. बाकीचे २४ ठीक आहेत. १६ बॉक्स २० तारखेला, म्हणजे ८ दिवस उशिरा पोहोचतील.

एलडी किती बसेल? १६ बॉक्सची किंमत २,८८,००० रुपये. आठवड्याला ०.५ टक्के म्हणजे १,४४० रुपये. ८ दिवस म्हणजे एक आठवडा आणि दुसऱ्याचा भाग, म्हणून दोन आठवडे धरले जातील: २,८८० रुपये. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे, भरपाईची रक्कम करारात लिहिलेली असेल तर त्या आकड्यापर्यंत वाजवी भरपाई मिळते, साधारणपणे त्याच्या पलीकडे नाही.

दुसऱ्या बाजूला ग्राहकाने साइटवर बॉक्स चढवायला क्रेन ठरवलेली आहे. समजा तिचं भाडं दिवसाला २२,००० रुपये. ती आठ दिवस रिकामी उभी राहिली तर १,७६,००० रुपये होतात. म्हणजे कारखानदाराची जोखीम २,८८० ते १,७६,००० आणि त्याहून पुढे, यांच्या मध्ये कुठेतरी आहे. ती कुठे स्थिरावेल, हे त्याच्या मेलमधल्या काही वाक्यांवर अवलंबून राहू शकतं.

पहिलं महागडं वाक्य: ‘तुमचं जे काही नुकसान होईल ते आम्ही भरून देऊ.’ पीओमधल्या मर्यादेने त्याला सांभाळलेलं असतं आणि हे वाक्य ती मर्यादा आपल्या हाताने बाजूला सारतं. असं वचन एकट्याने किती टिकतं यावर वकील भांडतील, पण मुळात ते भांडण ओढवून घ्यायचं कशाला?

दुसरं वाक्य दिसायला फार निरागस असतं, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याचं तेच: ‘तुम्ही १२ तारखेची क्रेन ठरवली आहे हे आम्हाला ऑर्डर घेतानाच माहीत होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.’ यात लिहिणाऱ्याने फक्त सहानुभूती दाखवली आहे. पण कलम ७३ असं सांगतं, की उशिरामुळे स्वाभाविकपणे होणारं नुकसान मिळतं, आणि त्याशिवाय करार करतानाच दोघांना ज्याची शक्यता माहीत होती तेही मिळतं. दूरचं, आडवळणाचं नुकसान मिळत नाही. म्हणजे ‘करार करताना काय माहीत होतं’ यावरच भरपाईचा आकडा फिरतो.

१८७२ च्या या कायद्यात कलमाखाली उदाहरणं दिलेली आहेत, त्यातलं एक इथे चपखल बसतं. एक जण आपल्या गिरणीचं यंत्र वाहतूकदाराकडे देतो आणि यंत्राअभावी गिरणी बंद आहे हे त्याला सांगतो. वाहतूकदार अवाजवी उशीर करतो. त्यात गिरणीवाल्याचं सरकारी कंत्राटही हातचं जातं. त्याला मिळतं काय? गिरणी बंद राहिली तेवढ्या दिवसांचा सरासरी नफा, कारण ती बंद असल्याचं वाहतूकदाराला सांगितलं होतं. सरकारी कंत्राटाचं नुकसान मात्र मिळत नाही. आपल्या उदाहरणात एलडीची मर्यादा असल्यामुळे क्रेनचा दावा पुढे सरकणं अवघड आहे. पण कित्येक छोट्या ऑर्डरींवर एलडीची अटच नसते. तिथे हे एक वाक्य थेट भाड्याच्या पावतीपर्यंत नेऊ शकतं.

आता कारखानदाराला क्रेनबद्दल काल फोनवरच कळलं असेल, तर त्याने तेच लिहावं: ‘साइटवर क्रेन उभी आहे हे काल तुम्ही फोनवर सांगितलंत.’ हे खरंही आहे आणि पुरेसं आपुलकीचंही. आणि खरोखर ऑर्डर घेतानाच कळलं असेल तर? तर खोटं लिहू नये, पण कधी कळलं याची तारीख या मेलमध्ये स्वतःहून सांगायचं कारण नाही. साइटवर होणारी अडचण लक्षात आहे एवढं म्हणणं पुरतं. खोटं लिहिलेलं वाक्य पुढे जुन्या मेलमधून उघडं पडतं, आणि मग खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास जातो.

तिसरं वाक्य दोषाचा निकाल देणारं असतं: ‘फॉस्फेटच्या टाकीकडे आमचं दुर्लक्ष झालं.’ झालं असेलही. पण १० तारखेला तो अंदाज आहे. रसायनाचा ड्रमच खराब आला असेल, भट्टीचं तापमान कमी पडलं असेल. म्हणून चाचणीत जे दिसलं तेवढंच सांगावं. नेमकं कारण शोधतो आहोत असंही सांगावं, खरोखर शोधत असलात तर.

याच्याच जोडीला एक उलटी चूक होते: ‘आमच्या जॉबवर्कवाल्याने घोळ घातला.’ पीओ तुमच्या नावावर आहे, कोटिंग बाहेर कुणाकडून करून घ्यायचं हे तुम्ही ठरवलं. त्याच्याकडे बोट दाखवून कायद्यात सहसा सुटका होत नाही आणि ग्राहकाच्या नजरेत तुम्ही लहान होता.

४. माफीला कायद्याचं संरक्षण आहे का?

काही देशांत आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ मध्ये माफीचा स्वतंत्र कायदा केला: माफी ही दोषाची कबुली धरायची नाही. इंग्लंडमध्ये त्याच वर्षीच्या भरपाई कायद्यात तशी तरतूद आली, पण ती निष्काळजीपणा आणि वैधानिक कर्तव्यभंगाच्या दाव्यांपुरती. हाँगकाँगने २०१७ मध्ये असा कायदा केला.

भारतात असा सर्वसाधारण कायदा नाही. इथे तुमचं संरक्षण तुमच्या वाक्यरचनेतच आहे. परदेशी संकेतस्थळांवरून माफीचे नमुने जसेच्या तसे उचलण्यात धोका आहे तो यामुळेच. त्यांच्यामागे उभा असलेला कायदा आपल्याकडे नाही.

५. प्रत्यक्ष मेल

आधी फोन, मग मेल. शक्यतो तारीख उलटण्याआधी, कारण साइटवरचं वेळापत्रक बदलायला ग्राहकाला जो एक-दोन दिवसांचा अवधी मिळतो, त्याने नुकसानच कमी होतं. कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार, भरपाई ठरवताना ग्राहकाला नुकसान टाळण्याचे कोणते मार्ग उपलब्ध होते हेही पाहिलं जातं. लवकर कळवलेला मेल असा दोघांच्याही कामी येतो.

आपला कारखानदार १० तारखेला संध्याकाळी असं लिहील:

*विषय: पॅनल बॉक्स, ४० नग: २४ नग १२ सप्टेंबरला, उरलेले १६ नग २० सप्टेंबरला*

*नमस्कार सर,*

*दुपारी फोनवर बोलल्याप्रमाणे लिहितो आहे. १२ सप्टेंबरला ४० बॉक्स द्यायचे ठरले होते. त्यातले २४ ठरल्याप्रमाणे त्या दिवशी पोहोचतील. उरलेले १६ आम्ही त्या तारखेला देऊ शकत नाही, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. साइटवर क्रेन उभी असल्याचं तुम्ही आज सांगितलंत. या बदलामुळे तुम्हाला सगळी आखणी पुन्हा करावी लागते आहे, याची आम्हाला जाणीव आहे.*

*आज अंतिम तपासणीत या १६ बॉक्सवरचा रंग चिकटपट्टीच्या चाचणीत सुटला. तसा माल तुम्हाला पाठवणं योग्य नाही, म्हणून रंग उतरवून ते पुन्हा कोटिंग करतो आहोत. २४ बॉक्स वेगळ्या बॅचचे आहेत, त्यांची हीच चाचणी झाली आहे आणि अहवाल सोबत जोडला आहे. नेमकं कारण आम्ही तपासतो आहोत.*

*१६ बॉक्स २० सप्टेंबरला तुमच्या साइटवर पोहोचतील. १५ तारखेला कोटिंग पूर्ण झालं की चाचणीचा अहवाल पाठवतो. हे काम मी स्वतः पाहतो आहे, केव्हाही फोन करावा. २४ बॉक्स कोणत्या क्रमाने चढवायचे आहेत हे कळवलंत तर गाडीत त्याच क्रमाने भरतो.*

*पीओच्या अटी आहेत तशाच लागू राहतील. सुधारित तारीख मान्य असल्यास मेलवर तसं कळवावं, ही विनंती.*

*आपला,*

शेवटून दुसरा परिच्छेद पाहा: ‘पीओच्या अटी आहेत तशाच लागू राहतील.’ एवढ्या एका ओळीत एलडी नाकारलेली नाही आणि वाढवलेलीही नाही. ‘आमचे सर्व हक्क राखून’ अशी वकिली ओळ माफीच्या मेलखाली आली की वरचं सगळं खोटं वाटू लागतं. ही साधी ओळ तेच काम करते आणि दोन्ही पक्षांना सारखी लागू होते.

नवीन तारखेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बहुतेक मेल इथेच फसतात. रंग उतरवायला दोन दिवस, पुन्हा धुऊन कोटिंग करून भट्टीत भाजायला तीन, तपासणी आणि पॅकिंगला एक, वाहतुकीला एक. हिशेब १७ तारखेचा येतो. अपराधी मनाला तीच १७ लिहाविशी वाटते. पण एक दिवस वीज गेली, एक गाडी अडली की दुसऱ्यांदा माफी मागायची वेळ येते, आणि दुसरी माफी कुणी मानत नाही. शिवाय लेखी दिलेली दुसरी तारीख हे नवं वचन असतं. म्हणून तीन दिवस हाताशी ठेवून २० लिहिली.

६. ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहिलं की झालं का?

अनेक जण मेलच्या डोक्यावर हे दोन शब्द टाकतात आणि निर्धास्त होतात. ते शब्द तडजोडीच्या बोलणीसाठी आहेत. साक्ष अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे, दिवाणी प्रकरणात एखादी कबुली पुरावा म्हणून वापरायची नाही अशा स्पष्ट अटीवर, किंवा तसं दोघांत ठरलं आहे असं दिसेल अशा परिस्थितीत दिली असेल, तर ती वापरता येत नाही. साध्या माहिती देणाऱ्या मेलवर हा शिक्का मारून त्याला तडजोडीचं रूप येत नाही. ग्राहकाला मात्र तो भांडणाची तयारी वाटतो.

काही सवलत देऊन प्रकरण मिटवायचं असेल, म्हणजे समजा पुढच्या ऑर्डरवर २ टक्के सूट, तर तो प्रस्ताव वेगळ्या मेलने, याच शब्दांखाली आणि ‘या विषयातील सर्व मागण्या पूर्ण मिटल्या’ या अटीसह पाठवावा. दिलगिरी एका मेलमध्ये, पैशाची बोलणी दुसऱ्यात.

७. उत्तर आल्यावर

बऱ्याचदा खरेदी विभागाकडून असं उत्तर येतं: ‘२० तारखेला माल घेऊ, मात्र एलडीचा हक्क राखून ठेवत आहोत.’ कारखानदार दुखावतो, एवढं नम्रपणे लिहूनही हे असं! पण त्या अधिकाऱ्याला हे लिहावंच लागतं. करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, वेळ महत्त्वाची असलेल्या करारात उशिरा आलेला माल काही न बोलता स्वीकारला, तर उशिराबद्दलची भरपाई मागायचा हक्क जातो. तो राखायचा असेल तर स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. त्यामुळे यात राग मानू नये. ‘आपला मेल मिळाला, पीओच्या अटींप्रमाणे’ एवढं उत्तर पुरे. बिलातून २,८८० रुपये कापले गेले तर ते मुकाट्याने सोसणं शहाणपणाचं आहे.

दोन प्रसंगी मात्र वरचा मेल स्वतःच्या अकलेवर पाठवू नका. तुमच्या कामावर व्यावसायिक जबाबदारीचा विमा असेल, तर विमा कंपनीच्या संमतीशिवाय दोष कबूल करायचा नाही अशी अट त्यात बहुधा असते. आधी पॉलिसी वाचा आणि कंपनीला कळवा. आणि ग्राहकाकडून वकिलाची नोटीस आली असेल, किंवा त्याने ऑर्डर रद्द करण्याची भाषा केली असेल, तर माफीचं एक अक्षरही लिहिण्याआधी पीओ आणि आजवरचे सगळे मेल घेऊन आपल्या वकिलाकडे जा.